‘नो रिटर्न’ची पाटी कोणाचे नुकसान वाचवते?

इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या विकणाऱ्या बहुतेक छोट्या विक्रेत्यांच्या पानावर एक ओळ ठळक अक्षरांत असते: ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज, नो रिफंड. अनबॉक्सिंग व्हिडिओशिवाय तक्रार ऐकली जाणार नाही.’ नवा विक्रेता या धंद्यात आला की जुने जाणते त्याला पहिला सल्ला हाच देतात. परतीच्या भानगडीत पडू नकोस, ते मोठ्या कंपन्यांचे खेळ आहेत, आपल्याला परवडत नाहीत. सल्ल्यामागे तीन कारणे दिली जातात. परत घ्यायचेच नाही म्हटले की माल परत येत नाही. परतीचा खर्च छोट्याच्या नफ्यात बसत नाही. आणि दार उघडे ठेवले की लोक साडी नेसून, मिरवून परत पाठवतात.

यातले पहिले कारण चूक आहे, दुसरे हिशेब न मांडता दिलेले आहे आणि तिसऱ्यात तथ्य असले तरी त्यावर उपाय आहे. साडीसारखा शिवण नसलेला माल विकणाऱ्याने मोठ्या मनाने परत घेण्याचे वचन द्यावे आणि त्याचा खर्च तोट्याच्या नाही, जाहिरातीच्या खात्यात मांडावा, असे माझे म्हणणे आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. सदोष माल परत घेणे हा विक्रेत्याचा मोठेपणा नव्हे, ते त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलात मुदतच लिहिली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रीसाठी याहून स्पष्ट भाषा वापरली. वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तरी ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तेव्हा ‘डॅमेज असेल तरच बदलून देऊ’ हे वाक्य उदारपणाचे म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. विक्रेत्याच्या मर्जीचा प्रश्न उरतो तो एवढाच: साडी चांगली आहे, वर्णनाबरहुकूम आहे, पण बाईंना ती हातात घेतल्यावर आवडली नाही, तर काय? या लेखातला सगळा वाद या एका प्रसंगापुरता आहे.

हे अमेरिकी फॅड आहे असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच बाजारपेठांकडे पाहावे. गावातला साडीचा दुकानदार ओळखीच्या घरी पाच-सात साड्या पसंतीला पाठवत असे. आवडली ती ठेवायची, उरलेल्या दुसऱ्या दिवशी परत. कापडापासून हिऱ्यांपर्यंत अनेक धंद्यांत आजही माल जांगडावर दिला जातो. १९३० च्या मालविक्री कायद्यातले चोविसावे कलम तर अशा पसंतीवर दिलेल्या मालाची मालकी नेमकी केव्हा बदलते हेच सांगते. आपल्या व्यापाऱ्याला ही रीत परकी नव्हती. परका झाला तो ग्राहक, कारण तो आता तीनशे किलोमीटरवर बसला आहे आणि आपण त्याला ओळखत नाही. अडचण खरी आहे. पण साडी न पाहता पैसे मोजणाऱ्या त्या बाईंची अडचण आपल्यापेक्षा मोठी आहे.

आता पहिले कारण: ‘नाही म्हटले की माल परत येत नाही.’ भारतात तो येतो, फक्त वेगळ्या वाटेने येतो. परतीची हमी नसलेल्या अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे द्यायला लोक कचरतात आणि कॅश ऑन डिलिव्हरी निवडतात. सीओडी ही ग्राहकाने स्वतःपुरती बनवून घेतलेली परतीची सोयच आहे. पार्सल दारात आले, मन बदलले, घरात कोणी नको म्हणाले किंवा तोवर दुसरीकडे साडी मिळाली, की ‘नको’ म्हणायचे. कुरिअरवाला पार्सल जसेच्या तसे मागे फिरवतो. धंद्याच्या भाषेत याला आरटीओ म्हणतात. यात जाण्याचे भाडे आपले, येण्याचे भाडे आपले, साडी कित्येक दिवस गाडी-गोदामांत अडकलेली, आणि ती का नाकारली हे कळायला मार्ग नाही, कारण ग्राहकाने ती पाहिलेलीच नसते.

‘नो रिटर्न’ लिहिणाऱ्या विक्रेत्याला विचारा, महिन्याला किती पार्सले दारातून परत आली? तो आकडा त्याच्या लेखी परतीचा नसतो, कुरिअरच्या त्रासाचा असतो. पण गल्ल्यातून पैसा तर तेवढाच जातो. उलट ‘आगाऊ पैसे भरा, साडी घरी उजेडात पाहा, नको असेल तर पूर्ण पैसे परत’ असे वचन दिले, की सीओडी मागणाऱ्यांतला एक भाग प्रीपेडकडे वळवता येतो. प्रीपेड पार्सल दारात नाकारण्यात ग्राहकाला काही साधायचे नसते. त्याचे पैसे आधीच अडकलेले असतात. परतीचे वचन फक्त प्रीपेड ऑर्डरला द्यावे, हा या धोरणातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. त्याने एक परत वाढते, पण दुसरी कमी होते. जो फक्त पहिली मोजतो त्याला तोटाच दिसणार.

दुसरे कारण पैशाचे आहे, म्हणून पैशातच मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतो. प्रत्येकाने आपले भरून पाहावेत. एक सुती साडी १८०० रुपयांना विकली जाते. विणकराकडून किंवा पेठेतून ती ११०० ला आली. कुरिअर ९०, पॅकिंग ३०. पेमेंट गेटवे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो असे धरले तर ते साधारण ४२ रुपये. हातात उरले ५३८. महिन्याला शंभर ऑर्डरी असतील आणि एकही साडी परत घ्यायची नाही असे ठरवले, तर ५३,८०० रुपये. त्यातून फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींवर वीस हजार गेले असे धरू.

आता एक साडी परत आली तर किती जातात? जातानाचे ९० आणि ३० गेलेच. गेटवेचे ४२ ही गेले, कारण पैसे परत केले तरी गेटवे सहसा आपली फी परत देत नाही. घरून उचलून आणायचे, म्हणजे रिव्हर्स पिकअपचे १२०, कारण ते जाण्याच्या भाड्यापेक्षा बहुधा महाग पडते. तपासणी, इस्त्री, नवी पिशवी यांचे ४०. शिवाय दहातली एक साडी पूर्ण किमतीला पुन्हा विकता येणार नाही आणि तिच्यामागे सहाशेचे नुकसान होईल असे धरले, तर प्रत्येक परतीमागे आणखी ६०. एकूण ३८२ रुपये.

शंभरातल्या आठ साड्या परत आल्या, तर ब्याण्णव साड्यांवर ४९,४९६ मिळाले आणि आठांवर ३,०५६ गेले. राहिले ४६,४४०. म्हणजे जुन्या धोरणापेक्षा ७,३६० रुपये कमी. ‘बघा, परवडत नाही’ म्हणणारे इथे वही मिटतात. खरा प्रश्न इथून पुढे आहे: त्याच वीस हजारांच्या जाहिरातीतून, पानावर येणाऱ्या तितक्याच लोकांतून, किती जास्त लोकांनी खरेदी केली म्हणजे ही तूट भरेल? उत्तर आहे सोळा. शंभराच्या जागी ११६ ऑर्डरी झाल्या की दोन्ही धोरणे बरोबरीत येतात. पानावर महिन्याला पाच हजार लोक येत असतील, तर आज हजारातले वीस खरेदी करतात, त्याऐवजी तेवीस-चोवीस करायला हवेत. १३० ऑर्डरी झाल्या तर जाहिरातीचा खर्च वजा जाता ३३,८०० च्या जागी चाळीस हजारांहून थोडे अधिक उरतात. आणि यात सीओडीच्या मागे फिरणाऱ्या पार्सलांत झालेली बचत मी धरलेलीच नाही.

जाहिरातीशी तुलना करायची ती इथे. इन्स्टाग्रामला दिलेला रुपया खरेदी न करणाऱ्यांवरही खर्च होतो आणि खर्च आधी होतो. परतीच्या वचनावरचा रुपया ऑर्डर दिलेल्यांपैकी मोजक्यांवरच खर्च होतो, तोही पैसे हातात आल्यानंतर. आणि त्याचा परिणाम मात्र वचन वाचणाऱ्या प्रत्येकावर होतो. जो विक्रेता वीस हजारांच्या जाहिरातीला ‘गुंतवणूक’ म्हणतो आणि तीन हजारांच्या परतीला ‘नुकसान’ म्हणतो, त्याने दोन्हींसाठी वेगवेगळी मोजपट्टी घेतली आहे.

हाच हिशेब उलटाही वापरला पाहिजे, नाहीतर मीही फसवणूकच करतो आहे. परतीचे प्रमाण वीस टक्के झाले तर बरोबरी साधायला ११६ नव्हे, सुमारे १५२ ऑर्डरी लागतात. विक्री दीडपट करण्याची ताकद कुठल्याही धोरणात असते असे धरून चालू नये. म्हणून शिवलेले ब्लाउज, कुर्ते, जिथे माप चुकते, तिथे हेच वचन आंधळेपणाने दिले तर ते बुडवू शकते. तिथे पैसे परत करण्याऐवजी माप बदलून देण्यावर भर द्यावा. मापाने शिवून दिलेले कपडे, कानातली आणि खाद्यपदार्थ यांना तर हे वचन लागूच करू नये. साडीला माप नसते. आठ टक्क्यांच्या आसपास राहण्याची आशा धरता येते ती त्यामुळेच.

तिसरे कारण गैरवापराचे. त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला अमेरिकेतला आहे. एल. एल. बीन ही कंपनी पिढ्यान्‌पिढ्या कुठलीही वस्तू कधीही परत घेत असे. लोक जुन्या बाजारातून उचललेल्या वस्तूही आणून पैसे मागू लागले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने ती हमी बंद केली. आपल्याकडचे ‘नो रिटर्न’वाले या गोष्टीकडे बोट दाखवतात, पण अर्धीच गोष्ट सांगतात. बीनने हमी बंद करून ‘नो रिटर्न’ची पाटी लावली नाही. मुदत एक वर्षाची केली आणि खरेदीचा पुरावा मागितला. गैरवापरावरचा उपाय सीमा आखणे हा आहे. सगळ्या प्रामाणिक ग्राहकांना दारातच संशयित ठरवणे हा नव्हे.

साडीच्या धंद्यात या सीमा अगदी साध्या आहेत. टॅग घडीच्या आत लपवू नये. तो पदराच्या दर्शनी काठाला, तोडल्याशिवाय साडी नेसताच येणार नाही अशा जागी अडकवावा. ‘टॅग जागेवर, फॉल-पिको न केलेले, ब्लाउजपीस न कापलेला’ एवढ्या तीनच अटी ठेवाव्यात. परत आलेली साडी नेसलेली आहे का, हे जाणकाराला दोन मिनिटांत कळते. खांद्यावर येणाऱ्या भागात पिनेची बारीक छिद्रे दिसतात. निऱ्यांच्या जागी दुकानातल्या घडीशी न जुळणाऱ्या मोडी पडलेल्या असतात. खालच्या काठाला धूळ लागलेली असते. अत्तराचा किंवा घामाचा वास तर पिशवी उघडताच येतो. हे तपासायला ग्राहकाकडून अनबॉक्सिंग व्हिडिओ मागण्याची गरज नसते. तो व्हिडिओ पार्सल फोडताना मालाची अवस्था काय होती एवढेच सांगतो. साडी नंतर हळदीकुंकवाला नेसली का, हे तो सांगूच शकत नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी तो मागतात तिच्यावर तो निकामी आहे. आणि एका हातात कात्री, दुसऱ्या हातात फोन धरून पार्सल फोडायला लावले, की प्रामाणिक बाईंना पहिल्याच भेटीत चोराच्या रांगेत उभे केल्यासारखे वाटते.

वारंवार परत करणारे काही निघतीलच. मोठ्या कंपनीला त्यांना ओळखायला यंत्रणा लागते. महिन्याला शंभर पार्सले पाठवणाऱ्याला फोन नंबरांची एक वही पुरते. त्याच नंबरावरून तिसरी साडीही परत आली, की नम्रपणे सांगावे: ‘ताई, आमच्या साड्या तुमच्या पसंतीला उतरत नाहीत असे दिसते. पुढच्या वेळी ऑर्डरआधी व्हिडिओ कॉलवर दाखवू, मात्र ती परत घेता येणार नाही.’ ही ओळख छोट्याचे बळ आहे. परतीच्या बाबतीत मोठे ते समर्थ आणि छोटे ते हतबल, हे गृहीतक इथे उलटते.

आता ज्यांना परतीचे धोरण मान्य आहे पण जे ते घाबरत घाबरत राबवतात, त्यांच्याशी दोन शब्द. ‘तीन दिवसांत कळवा, कारण लिहा, फोटो पाठवा, कुरिअर तुम्ही करा, वीस टक्के कापून पैसे देऊ’ असे धोरण दिसते ते जवळपास ‘नो रिटर्न’इतकेच निरुपयोगी आहे. खर्च त्यातही होतो, विश्वास मात्र मिळत नाही. उदारपणा कुठे दाखवायचा, हे समजून घ्यायला एक अभ्यास उपयोगी आहे. नारायण जनकिरामन आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. उदार धोरणाने खरेदीही वाढते आणि परतही वाढते, पण खरेदी जास्त वाढते, असे त्यात दिसले. त्यांनी उदारपणाचे पाच भाग पाडले: मुदत, पैसे, ग्राहकाला पडणारे कष्ट, कोणता माल परत घेतो, आणि पैशाऐवजी बदली वस्तू देतो का. पूर्ण पैसे आणि कमी कष्ट यांनी खरेदी वाढते. मुदत लांब असली तर परत उलट कमी होते. कुठलाही माल परत घेऊ म्हटले तर परत वाढते.

मुदतीची गोष्ट उफराटी वाटते, पण साडीच्या बाबतीत ती सहज पटते. तीन दिवसांची मुदत दिली की बाई तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘ठेवू की नको’ या दुविधेत परत करून मोकळ्या होतात. तीस दिवस दिले की घाई संपते. दरम्यान नणंद साडी छान आहे म्हणते, फॉल लागतो, ब्लाउज शिंप्याकडे जातो, आणि साडी कायमची कपाटात जाते. हे अभ्यास बहुतांश पाश्चात्त्य बाजारांवरचे आहेत आणि तिथे सीओडीची भानगड नाही, हे लक्षात ठेवून आपले प्रमाण आपणच मोजावे. पण दिशा पटण्यासारखी आहे: मुदतीत आणि पैशात सढळ असावे, मालाच्या यादीत कडक. सेलमधली आणि कटवर्कची नाजूक साडी सरळ वगळावी, आणि ते ऑर्डरआधी दिसेल असे लिहावे.

वचन लपवले तर खर्च राहतो आणि जाहिरात बुडते. पुष्कळ पानांवर परतीचे धोरण सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत असते. ते किमतीच्या लगेच खाली हवे, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगच्या वर्णनात हवे आणि पार्सलमधल्या चिठ्ठीवर हवे. आणि ते एका वाक्यात मावावे: ‘तीस दिवसांत नको वाटली तर एक मेसेज करा, आम्ही घरून नेऊ आणि पूर्ण पैसे देऊ.’ साडी हातात आली की त्याच दिवशी पैसे सोडावेत. बँकेत जमा व्हायला कार्डाला काही दिवस लागतात, म्हणून व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लगेच पाठवावा. पैसे परत मिळाल्याचा अनुभव ग्राहक चारचौघांत सांगतो. अमेरिकेत अमांडा बोअर आणि जेम्स मॅक्सहॅम यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुकट परतीची सोय मिळालेल्या ग्राहकांची त्या दुकानातली पुढची खरेदी वाढली. ज्यांना परतीचे भाडे भरावे लागले त्यांची मात्र घसरली. परतीचे १२० रुपये ग्राहकाकडून वसूल करणारा विक्रेता पुढची गिऱ्हाईकीच तेवढ्याला विकतो.

रोखीची एक अडचण मात्र खरी आहे, तिला बगल देऊ नये. छोटा विक्रेता ११०० रुपये आधी मोजतो आणि आलेल्या १८०० तून पुढचा माल उचलतो. आठ साड्या एकाच आठवड्यात परत आल्या तर हातात पैसा नसतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण तो करावाच लागतो: प्रत्येक विक्रीतले दहा टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि तीस दिवस उलटल्याशिवाय हात लावायचा नाही. ज्याला हे जमत नाही त्याने वचन देऊ नये. पैसे परत करायला टाळाटाळ करणारा विक्रेता ‘नो रिटर्न’ प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यापेक्षा वाईट.

शेवटी परत आलेल्या साडीचा एक उपयोग, जो ‘नो रिटर्न’वाल्याला कधीच मिळत नाही. कारण विचारावे, पण पैशाची अट म्हणून नाही, पैसे दिल्यानंतर. धूपछाँव इरकल ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून पुन्हा पुन्हा परत येऊ लागली, तर चूक ग्राहकाची नसते. आडव्या-उभ्या धाग्यांचे दोन रंग असलेल्या कापडाचा फोटो एकाच कोनातून काढला की एकच रंग दिसतो. कापड उजेडात हलवून दाखवणारा छोटासा व्हिडिओ टाकला की त्या साडीच्या परती कमी होतात. नवा माल उचलताना कोणता रंग किती घ्यावा, हेही याच वहीतून कळते. परती बंद केल्या की ही वही कोरी राहते. नाराजी मात्र तेवढीच असते, ती दुसऱ्या कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलली जाते.

म्हणून माझे आव्हान साधे आहे. सगळा धंदा पणाला लावू नका. एकाच प्रकारच्या साड्यांवर तीन महिने हे वचन द्या आणि चार आकडे लिहून ठेवा: पानावर आलेले लोक, झालेल्या ऑर्डरी, परत आलेल्या साड्या, आणि सीओडीची मागे फिरलेली पार्सले. वर मांडलेली बरोबरीची रेषा तुमच्या आकड्यांनी काढा. ती ओलांडली नाही तर वचन मागे घ्या, कोणी दोष देणार नाही. पण हे चार आकडे न लिहिता ‘आपल्याला परवडत नाही’ म्हणणारा विक्रेता हिशेब करत नाही, घाबरतो. त्या भीतीची किंमत न पाहता पैसे भरणाऱ्या ग्राहकाने का मोजावी, याचे उत्तर अजून एकाही ‘नो रिटर्न’वाल्याकडून मला मिळालेले नाही.